लग्न विधीनं झालं, आता नोंदणी: कोल्हापूरकरांनी कोणती पायरी आधी करायची, कोणती नंतर

कसबा बावड्यात गेली बारा-तेरा वर्षं मी लोकांचे सरकारी अर्ज भरून देतो. विवाह नोंदणीसाठी येणाऱ्या जोडप्यांपैकी निम्म्यांना तरी मला परत पाठवावं लागतं. बहुतेकांकडे कागद असतात, पण पायऱ्या उलट्या झालेल्या असतात. भटजी काशीयात्रेला गेलेले, पत्रिका संपलेल्या, नवऱ्याचं विमान परवा, आणि हातात अर्ज भलत्याच कार्यालयाचा.

हा लेख एकाच प्रकारच्या लग्नाबद्दल आहे. हॉलमध्ये, लॉनवर किंवा दारात मांडव घालून विधीपूर्वक लग्न लागलं आहे आणि आता त्याची सरकारी नोंद करायची आहे. निकाह झाला असेल तरी बहुतेक पायऱ्या याच, फक्त भटजींच्या जागी काझी. सोबत एका जोडप्याची हकिकत घेतो. मुलगा पाचगावचा, नोकरी अमेरिकेत, सुट्टी तीन आठवडे. मुलगी कागलजवळच्या एका गावची. लग्नानंतर तिला नवऱ्यापाठोपाठ एच-४ व्हिसावर जायचं होतं. त्यांचं जे जे चुकलं ते पायरीपायरीनं सांगतो.

## १. आधी ठरवा, तुमचं लग्न कोणत्या दारात जातं

आपल्याकडे दोन वेगळ्या गोष्टींना लोक 'रजिस्टर' हा एकच शब्द वापरतात.

विधीनं झालेल्या लग्नाची नोंद महाराष्ट्राच्या १९९८ च्या विवाह नोंदणी कायद्याखाली होते. ती करतो स्थानिक संस्थेतला विवाह निबंधक. शहरात महापालिका किंवा नगरपालिका, गावात ग्रामपंचायत. तिथं लग्न लावलं जात नाही, लागलेल्या लग्नाची नोंद होते.

दुसरं दार विवाह अधिकाऱ्याचं. ज्याला आपण कोर्ट मॅरेज म्हणतो ते लग्न तिथं १९५४ च्या विशेष विवाह कायद्याखाली लागतं. त्यासाठी आधी नोटीस द्यावी लागते आणि ३० दिवस थांबावं लागतं. विधीनं लग्न झालेली जोडपी चुकून या दारात जातात, नोटिशीचे ३० दिवस ऐकतात आणि 'आपल्याला वेळ नाही' म्हणून सगळंच सोडून देतात. त्यांना ते ३० दिवस मुळात लागूच नव्हते.

सावधान. परदेशी जायची घाई म्हणून काही घरं आधी प्रमाणपत्र काढतात आणि विधी सहा महिन्यांनी मुहूर्तावर करतात. हे अजिबात करू नका. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयासमोर असंच एक प्रकरण आलं. विधी न करता प्रमाणपत्र घेतलेल्या त्या जोडप्याचं लग्न हिंदू विवाह कायद्याप्रमाणे झालंच नाही, असं न्यायालयानं ठरवलं. नोंदणी हा लग्नाचा पुरावा आहे, लग्न नव्हे. विधीच्या आधी कागद हवाच असेल तर विशेष विवाह कायद्याखाली नोटीस देऊन रीतसर लग्न करा. मग विधी हौसेनं कधीही करा, पण त्या विधीची पुन्हा वेगळी नोंद करू नका. एकाच जोडप्याची दोन तारखांची दोन प्रमाणपत्रं निघाली, की व्हिसाच्या खिडकीवर 'नक्की लग्न कधी झालं' या प्रश्नाला उत्तर देता देता नाकी नऊ येतात.

आणि स्टँप पेपरवर नोटरीकडे केलेला 'विवाह करारनामा' म्हणजे नोंदणी नव्हे. त्यानं लग्नही होत नाही आणि नोंदही होत नाही.

## २. हद्द तपासा

पाचगावच्या मुलाची पहिली चूक इथं झाली. पत्ता लिहिताना तो 'पाचगाव, कोल्हापूर' असा लिहितो, रिक्षावाल्यालाही कोल्हापूरच वाटतं, म्हणून तो महापालिकेत गेला. तिथं तासभर रांगेत उभा राहिल्यावर कळलं की पाचगावला स्वतःची ग्रामपंचायत आहे. उचगाव, कळंबा, मोरेवाडी, उजळाईवाडी इथल्या लोकांचंही हेच होतं. शहराला खेटून असलेलं प्रत्येक घर महापालिकेत नसतं.

हद्द ओळखायची सोपी खूण म्हणजे घरफाळ्याची पावती. ती ज्या संस्थेची, नोंदणीचं दार तिचं. भाड्यानं राहत असाल तर घरमालकाला पावती दाखवायला सांगा.

नवरा किंवा बायको यांपैकी एकाचा राहण्याचा पुरावा ज्या हद्दीतला आहे तिथं अर्ज करा. दोघांची ठिकाणं वेगळी असतील तर जिथं साक्षीदार सहज येऊ शकतील ते ठिकाण निवडा. मंगल कार्यालय कुठं होतं त्यावर हे ठरवायला जाऊ नका. कोल्हापूरची अर्धी लग्नं हद्दीबाहेरच्या लॉनवर होतात आणि त्या गावाशी दोन्ही घरांचा काही संबंध नसतो.

तपासा. निघण्यापूर्वी त्या कार्यालयात एक चक्कर मारा किंवा फोन करा. विचारायचं एवढंच: नोंदणीचं टेबल कुठल्या विभागात, कुठल्या वारी, आणि अर्ज कागदावर घेतात की ऑनलाइन भरून प्रत आणायची.

## ३. लग्नाच्या दिवशीच उरकायची कामं

माझ्या मते सगळ्यात महत्त्वाची पायरी ही, आणि ती लग्नाच्या आधी तयार ठेवावी लागते.

अर्जाला 'विवाह नोंदणीचं ज्ञापन' म्हणतात, नमुना 'ड'. त्यावर नवरा, नवरी, तीन साक्षीदार आणि लग्न लावणारे भटजी अशा सगळ्यांच्या सह्या लागतात. बाकीचे घरचे, त्यामुळे केव्हाही भेटतात. भटजी मात्र भेटत नाहीत. हंगामात एका दिवशी दोन-तीन मुहूर्त, मग चातुर्मासात अनुष्ठानं, यात्रा. आपण बोलावलेले गुरुजी ऐनवेळी आले नाहीत म्हणून त्यांनी भाच्याला पाठवलं, असंही होतं. तीन महिन्यांनी 'लग्न कुणी लावलं' हेच घरात कुणाला आठवत नाही.

म्हणून कोरा नमुना लग्नाआधीच आणून ठेवा. मंगलाष्टकं झाली, सप्तपदी झाली, दक्षिणा द्यायला वडीलधारे गुरुजींपाशी बसले, की त्याच पाटावर कागद पुढं करा. नाव, पूर्ण पत्ता, वय त्यांच्याकडून लिहून घ्या, सही घ्या आणि त्यांच्या आधार कार्डाचा मोबाइलवर फोटो काढा. पाच मिनिटांचं काम आहे. हे काम एका माणसावर सोपवा, नवरदेवाच्या मामावर किंवा थोरल्या भावावर. सगळ्यांवर सोपवलं की कुणीच करत नाही. काही कार्यालयांत भटजींना समक्ष बोलावतात. तसं असेल तर त्यांना तारीखही तेव्हाच विचारून ठेवा.

दुसरं काम फोटोंचं. अल्बम चार महिन्यांनी येतो. फोटोग्राफरला त्याच दिवशी सांगा की हार घालताना किंवा सप्तपदीचा, दोघांचे चेहरे स्पष्ट दिसतील असा एक फोटो दोन दिवसांत छापून हवा. डोक्याला बाशिंग आणि समोर अंतरपाट असलेला फोटो कितीही सुंदर असला तरी इथं उपयोगाचा नाही.

तिसरं, पत्रिका. चार पत्रिका कपाटात बाजूला काढून ठेवा. मंगल कार्यालयाची पावतीही त्यातच ठेवा. पत्रिका छापलीच नसेल तर प्रतिज्ञापत्र करावं लागतं, तेव्हा ही पावती कामाला येते.

सावधान. पत्रिका छापायला देतानाच नावं बघा. पाचगावच्या मुलाच्या पत्रिकेत त्याचं घरातलं लाडकं नाव छापलं होतं, आधारवरचं नाव कुठंच नव्हतं. नावाखाली पदव्या मात्र तीन होत्या. अखेर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं प्रतिज्ञापत्र जोडावं लागलं. लाडकं नाव घालायचंच असेल तर खऱ्या नावापुढं घाला.

## ४. नाव कोणतं लिहायचं

इथं घाई करू नका. पुढचं सगळं या एका ओळीवर उभं राहतं.

आपल्याकडे गृहप्रवेशानंतर ताटात तांदूळ पसरतात आणि नवरा अंगठीनं त्यावर नवरीचं नवं नाव लिहितो. सगळे वाकून बघतात, पेढे वाटतात. ते नाव घरात जरूर वापरा, पण ज्ञापनात नवरीचं नाव लिहायचं ते लग्नाआधीचं, शाळेच्या दाखल्यावरचं. तिचं स्वतःचं नाव, वडिलांचं नाव, माहेरचं आडनाव. लग्नाआधी ती त्याच नावानं ओळखली जात होती आणि तिचे सगळे जुने कागद त्याच नावाचे आहेत.

पासपोर्ट असेल तर इंग्रजी स्पेलिंग पासपोर्टवरूनच उतरवा, आठवणीवरून नको. प्रमाणपत्र मराठीत आणि इंग्रजीत असतं, आणि वकिलातीतला माणूस इंग्रजी बाजूच वाचतो. कागलच्या मुलीच्या वडिलांचं नाव पासपोर्टवर `Dattatray` होतं आणि अर्जात `Dattatraya` पडलं. आपल्या कानाला दोन्ही सारखीच, पण कागदावर ती दोन माणसं होतात. आनंदा आणि आनंदराव यांचंही तेच.

नवरीनं आडनाव बदललंच पाहिजे असं कायद्यात कुठं नाही. बदलायचं असेल तर आधी प्रमाणपत्र घ्या, मग त्याच्या आधारे आधार, पॅन, बँक, पासपोर्ट अशा ओळीनं सगळीकडे बदला. लग्नानंतर आठवड्यात आधारवर सासरचं नाव लावून मग नोंदणीला येणाऱ्या मुली मी खूप बघतो. दाखल्यावर एक नाव, आधारवर दुसरं, आणि दोघांना जोडणारा कागदच अजून हातात नाही. व्हिसाची तारीख तोंडावर असेल तर नाव बदलूच नका. माहेरच्या नावाचा पासपोर्ट आणि माहेरच्याच नावाचं प्रमाणपत्र एकमेकांशी जुळतात, तेवढं पुरतं.

## ५. कागद लावायचा क्रम

मूळ कागद एका फाइलमध्ये, झेरॉक्स दुसऱ्या फाइलमध्ये ठेवा.

- दोघांच्या वयाचा पुरावा: शाळा सोडल्याचा दाखला किंवा जन्माचा दाखला. लग्नाच्या दिवशी मुलगा २१ आणि मुलगी १८ वर्षांची पूर्ण असायला हवी.
- दोघांच्या राहण्याचा पुरावा: आधार, रेशन कार्ड, लाइट बिल यांपैकी, आणि त्यातला निदान एकाचा त्या हद्दीतला.
- लग्नपत्रिका आणि लग्नाचा फोटो, शिवाय दोघांचे पासपोर्ट आकाराचे फोटो.
- तीन साक्षीदारांचं आणि भटजींचं ओळखपत्र.
- आधी लग्न झालेलं असेल तर घटस्फोटाचा हुकूमनामा किंवा आधीच्या जोडीदाराच्या मृत्यूचा दाखला.

ज्ञापनावर १०० रुपयांचं कोर्ट फी तिकीट लागतं. नोंदणीची फी लग्नानंतर ९० दिवसांच्या आत ५० रुपये, वर्षाच्या आत १०० आणि त्यानंतर २०० अशी चढत जाते. स्थानिक संस्थेचं स्वतःचं काही शुल्क असेल तर ते वेगळं, म्हणून पैसे देताना पावती मागा.

९० दिवस उलटले म्हणून दार बंद होत नाही. दहा वर्षांपूर्वीच्या लग्नाचीही नोंद होते. फक्त तेव्हा पत्रिका सापडत नाही, भटजी हयात नसतात, आणि प्रत्येक उणिवेला एकेक प्रतिज्ञापत्र वाढत जातं.

साक्षीदार निवडताना नात्यापेक्षा सवड बघा. ते सज्ञान असावेत, लग्नाला हजर असावेत आणि कामाच्या दिवशी दुपारी येऊ शकतील असे असावेत. पुण्यात नोकरी करणारा सख्खा भाऊ घेतला तर त्याच्या रजेवर तुमची नोंदणी अडते. निवृत्त काका, शेजारचे दुकानदार, मावशी, असे लोक सोयीचे. त्यांना मूळ आधार कार्ड आणायला आदल्या रात्री आठवण करा.

## ६. तारखांचं गणित

लग्न रविवारी झालं. सोमवारी सत्यनारायण, मंगळवारी अंबाबाई आणि जोतिबा, मग मानपान, पाहुण्यांकडे जेवणं, चार दिवस फिरायला. पाचगावचं जोडपं बाराव्या दिवशी नोंदणीला निघालं. एक दिवस महापालिकेत गेला. ग्रामपंचायतीत गेले तर ग्रामसेवक पंचायत समितीच्या बैठकीला. भटजी पंढरपुरात. एकविसाव्या दिवशी मुलगा विमानात बसला. दोघांनी निबंधकासमोर हजर राहायचं असतं, त्यामुळे त्याच्या माघारी काहीच झालं नाही. तो परत आला अकरा महिन्यांनी, आणि तोवर मुलगी माहेरी.

सुट्टी तीन आठवड्यांची असेल तर क्रम असा लावा. रविवारी लग्न आणि भटजींची सही. सोमवारी सत्यनारायण. मंगळवारी सकाळी फोटो छापून घेऊन, दोघं आणि तिन्ही साक्षीदार थेट कार्यालयात. कागदात काही कमी निघालं तरी दुरुस्तीला पंधरा दिवस हातात राहतात. देवदर्शन बुधवारी केलं तरी चालतं.

अर्ज दिल्यावर पोच घेतल्याशिवाय बाहेर पडू नका. पोचेवर अर्जाचा क्रमांक आणि तारीख असू द्या. ही सेवा लोकसेवा हक्क कायद्यात येते, त्यामुळे विनाकारण उशीर झाला तर त्या पोचेच्या आधारे अपील करता येतं. तोंडी 'पुढच्या आठवड्यात या' याला काही आधार नसतो.

## ७. शिक्का पडण्यापूर्वी वाचा

प्रमाणपत्र नमुना 'इ' मध्ये मिळतं. सही-शिक्क्याआधी मसुदा वाचायला मागा. संकोच करू नका, टेबलावरचा माणूसही याला नाही म्हणत नाही, कारण नंतरची दुरुस्ती त्यालाच करावी लागते. बोट ठेवून पाच गोष्टी वाचा: दोघांची नावं दोन्ही भाषांत, वडिलांची नावं, दोघांचे पत्ते, लग्नाचं ठिकाण आणि लग्नाची तारीख.

प्रमाणपत्रावर दोन तारखा असतात, विवाहाची आणि नोंदणीची. व्हिसाच्या अर्जात 'लग्न कधी झालं' असं विचारलं की विवाहाची, म्हणजे विधीच्या दिवसाची तारीख लिहायची. नोंदणीची तारीख लिहून फसलेले अर्ज मी पाहिलेत, कारण लग्नाचे फोटो त्या तारखेच्या आधीचे निघतात आणि अधिकाऱ्याला संशय येतो.

सावधान. प्रमाणपत्र लॅमिनेट करू नका. परदेशासाठी त्याच्या मागं शिक्के आणि स्टिकर लागतात, ते प्लॅस्टिकवर बसत नाहीत. प्लॅस्टिकच्या साध्या पाकिटात ठेवा आणि शक्य असेल तर तेव्हाच जादा प्रमाणित प्रती मागून घ्या.

## ८. व्हिसासाठी पुढं काय

अमेरिकेच्या एच-४ साठी प्रमाणपत्र मूळ स्वरूपात दाखवावं लागतं, सोबत लग्नाचे फोटो आणि पत्रिका. देवस्थानानं किंवा वधू-वर संस्थेनं दिलेलं विवाहाचं पत्र प्रमाणपत्राच्या जागी चालत नाही.

काही देशांना अपोस्टिल हवं असतं, म्हणजे कागद खरा असल्याची परदेशात मानली जाणारी सरकारी खूण. भारतात ही पद्धत २००५ पासून लागू आहे. प्रमाणपत्र आधी राज्य शासनाकडून प्रमाणित होतं, मग परराष्ट्र मंत्रालय अपोस्टिल लावतं. परराष्ट्र मंत्रालय लोकांकडून थेट कागद घेत नाही, त्यांनी नेमलेल्या संस्थांमार्फत द्यावे लागतात. दुबईला, म्हणजे संयुक्त अरब अमिरातीत, जायचं असेल तर परराष्ट्र मंत्रालयानंतर त्यांच्या वकिलातीचाही शिक्का लागतो. आपल्या जिल्ह्यातून आखाती देशांत जाणारी मुलं बरीच आहेत आणि बायकोला नेताना ती नेमकी इथं अडतात. कोणत्या देशाला काय हवं हे त्या देशाच्या व्हिसाच्या यादीत बघा, एजंटाच्या तोंडून ऐकून पैसे भरू नका.

## ९. हक्काच्या पैशांसाठी

हे सांगताना मला नात्यातली एक ताई आठवते. तिचा नवरा शिरोलीत एका फौंड्रीत कामाला. लग्नाला सहा वर्षं झालेली, एक मुलगी, नोंदणी नाही. तो अपघातात गेला. भविष्यनिर्वाह निधीच्या कागदावर वारस म्हणून आईचं नाव होतं, कारण फॉर्म भरला तेव्हा त्याचं लग्न झालं नव्हतं. नियम असा आहे की कुटुंब नसताना केलेलं नामनिर्देशन लग्न होताच रद्द ठरतं. म्हणजे त्या पैशांत ताईचा आणि मुलीचा हक्क होता. विधवा निवृत्तिवेतनही तिचंच. पण 'मी त्यांची बायको' हे कागदावर दाखवायचं कशानं?

ज्ञापनावर नवऱ्याची सही लागते. तो गेल्यावर नोंदणी होत नाही. तिनं मुलीचा जन्मदाखला, रेशन कार्ड, एक फाटकी पत्रिका, भटजींचं प्रतिज्ञापत्र असं सगळं गोळा केलं, वकिलाकडे फेऱ्या घातल्या. पैसे मिळाले, पण दीड वर्षानं. त्या दीड वर्षात मुलीची शाळेची फी मामानं भरली.

म्हणून प्रमाणपत्र हातात आलं की त्याच महिन्यात या जागी जा: भविष्यनिर्वाह निधीचं ऑनलाइन नामनिर्देशन नव्यानं भरा, कंपनीच्या कार्यालयात कुटुंबाची नोंद बदला, विम्याच्या प्रत्येक पॉलिसीवर आणि बँकेच्या प्रत्येक खात्यावर नामनिर्देशन तपासा. सैन्यात असाल तर युनिटला प्रमाणपत्राची प्रत देऊन बायकोचं नाव अभिलेखात चढवून घ्या. प्रत्येक ठिकाणची पोच प्रमाणपत्राच्याच फाइलमध्ये लावा, आणि ती फाइल कुठल्या कपाटात आहे हे दोघांनाही माहीत असू द्या.